दिवस-रात्रीचं अ‍ॅनिमेशन: मुलांसाठी निवेदन लिहिण्यापासून ध्वनिमुद्रणापर्यंत

दिवस आणि रात्र का होतात यावर मुलांसाठी केलेली बरीच अ‍ॅनिमेशन बघायला छान असतात. माहितीही ढोबळमानाने बरोबर असते. तरीही पाहून झाल्यावर मूल सांगतं, ‘रात्री सूर्य डोंगरामागे जातो.’ घोळ बहुधा तीन ठिकाणी असतो. मुलाच्या डोक्यातली कोणती समजूत हलवायची हे ठरलेलं नसतं, उपमा मध्येच बदलते, आणि निवेदन सकाळ म्हणत असताना चित्रातली पृथ्वी संध्याकाळकडे वळत असते. तिन्ही चुका माइकसमोर बसण्याआधीच होतात, म्हणून या लेखाचा मोठा भाग तयारीवर आहे.

उदाहरण म्हणून सव्वादोन मिनिटांच्या एका पटाचं निवेदन शेवटच्या फाइलपर्यंत नेलं आहे. प्रेक्षक दुसरी ते चौथीतली मुलं धरली आहेत. सुरुवातीला जवळ एवढंच लागेल: शेड नसलेला एक टेबललॅम्प, एक टिकली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि अंधार करता येईल अशी खोली.

## १. आधी प्रश्न ठरवा, मग काय गाळायचं ते

पटाचं उत्तर एका वाक्यात लिहून समोर चिकटवा: ‘सूर्य होता तिथेच असतो, पृथ्वी स्वतःभोवती वळते, तिच्याबरोबर आपणही वळतो, म्हणून तो दिसेनासा होतो.’ या वाक्याला मदत न करणारी प्रत्येक गोष्ट गाळायची. ऋतू, अक्षाचा कल, वर्षाची फेरी, चंद्राच्या कला, ग्रहणं, सगळं बाहेर. सूर्यसुद्धा आकाशगंगेत फिरतो असं चमूतलं कोणीतरी म्हणेलच. खरं आहे, पण या प्रश्नापुरता तो जागेवर धरला तरी काही बिघडत नाही.

मग पटाच्या वयोगटातल्या चार-पाच मुलांना एकेकटं गाठून विचारा: ‘रात्री सूर्य कुठे असतो?’ उत्तर सुधारू नका, फक्त लिहून घ्या. ‘डोंगरामागे’, ‘समुद्रात’, ‘ढगांनी झाकला’, ‘चंद्र आला म्हणून गेला’, ‘पृथ्वी सूर्याच्या मागे गेली’ अशी उत्तरं येतील. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या अशाच उत्तरांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध केला. त्यातली एक समजूत आपल्या फार कामाची आहे: सूर्य एका बाजूला, चंद्र बरोबर समोरच्या बाजूला, दोघंही स्थिर, आणि मध्ये पृथ्वी फिरतेय. म्हणजे पृथ्वी फिरते हे मुलाने ऐकलेलं असतं आणि ते त्याने आपल्या जुन्या चित्रात बसवून टाकलेलं असतं.

इशारा: रात्रीच्या चित्रात चंद्र काढू नका. चित्रकार शोभेसाठी काढतोच. ‘चंद्र रात्र घेऊन येतो’ ही समजूत तिथेच पक्की होते. चंद्र कित्येकदा भर दिवसाही आकाशात असतो. रात्र दाखवायला चांदण्या आणि घराच्या खिडकीतला दिवा पुरे.

## २. उपमा एकच घ्या आणि तिची जुळणी कागदावर करा

या विषयात मेरी-गो-राउंड, भोवरा आणि टॉर्च या उपमा नेहमी येतात. तिन्ही अडचणीच्या आहेत. मेरी-गो-राउंडमधलं मूल मधल्या खांबाभोवती फेऱ्या मारतं, त्यामुळे पृथ्वी सूर्याला रोज एक फेरी मारते असा अर्थ निघतो. भोवरा वेगात फिरतो, डुलतो आणि शेवटी पडतो. पृथ्वी कधी पडेल, हा मुलाचा पुढचा प्रश्न असतो. टॉर्चचा उजेड एकाच दिशेला जातो, मग ती कोणीतरी विझवतं किंवा दुसरीकडे वळवतं असं वाटतं.

अंधाऱ्या खोलीतला दिवा आणि त्याच्यासमोर जागच्या जागी गिरकी घेणारं मूल ही उपमा टिकते. यात मूल पृथ्वीकडे बाहेरून बघत नाही, ते स्वतःच पृथ्वी होतं. नाकासमोरून दिवा सरकताना दिसतो, पण हललो आपण हे पायांना कळलेलं असतं. समजायला अवघड तेवढंच असतं.

जुळणी अशी लिहा:

- दिवा म्हणजे सूर्य.
- मुलीचं डोकं म्हणजे पृथ्वी.
- नाकावरची टिकली म्हणजे आपलं गाव.
- टाळू म्हणजे उत्तर ध्रुवाची बाजू.
- डावा कान म्हणजे पूर्व, उजवा कान म्हणजे पश्चिम.

शेवटची ओळ बऱ्याच जणांना उलटी वाटते. भिंतीवरच्या नकाशात पूर्व उजवीकडे असते, पण नकाशा आपण समोरून बघतो. इथे नकाशा मुलीच्या चेहऱ्यावर आहे आणि बघणारा तिच्यासमोर उभा आहे. त्याची उजवी बाजू ती मुलीची डावी.

दिवा मुलीच्या चेहऱ्याच्या उंचीवर हवा. छताचा बल्ब लावला तर डोक्यावर सतत उजेड राहतो आणि रात्र होतच नाही. खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर उजेड परतून मागच्या बाजूलाही पडतो, म्हणून अ‍ॅनिमेशनमध्ये भिंती गडद ठेवायला सांगा.

उपमा कुठे तुटते तेही लिहून ठेवा. दिवा लहान आणि जवळ आहे. खरा सूर्य पृथ्वीपेक्षा खूप मोठा आणि खूप लांब आहे. मूल थांबू शकतं, पृथ्वी थांबत नाही. पहिल्या फरकासाठी निवेदनात एक वाक्य ठेवायचं. दुसरा चित्रातून सांभाळायचा: मुलगी एकदा वळायला लागली की गिरकी पूर्ण होईपर्यंत कुठेही थांबत नाही.

तपासणी: टिकली लावून हा प्रयोग स्वतः करा. डावीकडे वळत गेलात तर दिवा डाव्या बाजूने नजरेत येईल आणि उजव्या बाजूने जाईल. म्हणजे पूर्वेला उगवला, पश्चिमेला मावळला. उलटं झालं तर वळण्याची दिशा चुकली.

## ३. संहितेआधी दिवा चौकटीच्या कोणत्या बाजूला ते ठरवा

निवेदन आणि चित्र यांची सर्वांत जास्त फारकत इथे होते, आणि ती मोठ्यांच्या नजरेतून सहज सुटते.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. उत्तर ध्रुवावरून खाली पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. उत्तर वर ठेवून समोरून पाहिलं, तर आपल्याला दिसणारा पृष्ठभाग डावीकडून उजवीकडे सरकतो. आता सूर्य चौकटीच्या डावीकडे असेल तर डावी बाजू उजळलेली असते, आणि समोरून सरकणारं गाव उजेडातून अंधारात जातं. म्हणजे प्रेक्षकाला समोर संध्याकाळ होताना दिसते. सूर्य उजवीकडे असेल तर गाव अंधारातून उजेडात येतं आणि समोर सकाळ दिसते.

होतं असं की निवेदक लिहितो ‘आता सकाळ झाली’, चित्रकाराने सूर्य डावीकडे काढलेला असतो, आणि दोन्ही जुळवायला तो पृथ्वीच उलटी फिरवतो. पटात सूर्य पश्चिमेला उगवतो आणि कोणाच्याही लक्षात येत नाही.

आपला प्रश्न ‘सूर्य गेला कुठे?’ आहे, म्हणजे महत्त्वाचा क्षण संध्याकाळचा. म्हणून दिवा डावीकडे. मुलगी दुपारी डावीकडे तोंड करून उभी असते, डाव्या हाताला वळते, आणि संध्याकाळी तिचा चेहरा बरोबर आपल्यासमोर येतो. मध्यरात्री ती उजवीकडे बघते. सकाळ मात्र तिची पाठ आपल्याकडे असताना होते, टिकली दिसत नाही. त्यासाठी कॅमेरा पलीकडे नेऊ नका. दिवा एकदम उजवीकडे दिसेल आणि मुलाला वाटेल दिवाच हलला. त्याऐवजी गिरकी सुरू झाल्यापासून चौकटीच्या कोपऱ्यात वरून दिसणारं छोटं गोल चित्र ठेवा आणि सकाळी तेच मोठं करा.

तपासणी: चित्रकाराकडून पहिला आराखडा आला की त्याला तीन गोष्टी विचारा. एक, वरून दिसणारी गिरकी घड्याळाच्या उलट आहे का? दोन, दिवा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच बाजूला आहे का? तीन, पृथ्वीचा गोल दाखवताना सावली जागेवर राहते की गोलाबरोबर फिरते? तिसरी चूक फार होते. सावली गोलावरच रंगवलेली असते, मग भारत कायम उजेडात आणि अमेरिका कायम अंधारात राहून दोन्ही चकरा मारत राहतात.

गोल या पटात सरळ उभा ठेवा, कललेला नको. कल दाखवला की उजेड-अंधाराची सीमा ध्रुवांतून काढायची की नाही हा नवा प्रश्न येतो, आणि तो ऋतूंच्या पटाचा आहे.

## ४. ‘फिरते’ हे क्रियापद जपून वापरा

‘पृथ्वी फिरते’ या वाक्यातून मराठीत दोन गोष्टी निघतात: स्वतःभोवती आणि सूर्याभोवती. पुस्तकात त्यासाठी परिवलन आणि परिभ्रमण आहेत, पण दुसरीच्या मुलाच्या कानाला दोन्ही सारखेच. या पटापुरता नियम करा: स्वतःभोवती म्हणायचं तिथे ‘गिरकी’ किंवा ‘वळते’. ‘फेरी’, ‘प्रदक्षिणा’, ‘चक्कर’ हे शब्द संहितेत नकोतच. परिवलन हा शब्द शाळेसाठी हवाच असेल तर शेवटच्या पाटीवर लिहा, निवेदनात आणू नका.

‘सूर्य मावळला’, ‘उजाडलं’ हे मात्र खुशाल वापरा. मोठी माणसंही तेच बोलतात.

निवेदन बोलतात तसं लिहा: ‘आपले गाव’ नव्हे, ‘आपलं गाव’; ‘येत आहे’ नव्हे, ‘येतंय’. लेखी रूपं कागदावर असली की वाचणारा नकळत धडा वाचल्यासारखा वाचतो. मुलाला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, तेही एकदा ठरवा. ऐकणारं मूल एकटंच मोबाइलसमोर बसलेलं असतं, म्हणून ‘तू’ बरं. पट वर्गात दाखवण्यासाठी असेल तर ‘बघा’, ‘चला’. दोन्हींची सरमिसळ नको.

आवाज देणारी व्यक्ती मराठी घरातली नसेल तर च आणि ज यांच्या उच्चारांवर खुणा करा. ‘उजेड’मधला ज ‘जेवण’मधला आणि ‘उजाडलं’मधला ज ‘जाड’मधला, या संहितेत दोन्ही शब्द जवळजवळ येतात.

## ५. संहिता सेकंदांवर बसवा

गिरकीला किती वेळ द्यायचा ते आधी ठरवा, कारण सगळे शब्द त्यावर बसतात. एक पूर्ण गिरकी ६० सेकंदांत ठेवा, म्हणजे सेकंदकाट्याच्या चालीने. दुपारपासून संध्याकाळपर्यंत १५ सेकंद, मध्यरात्रीपर्यंत ३०, सकाळपर्यंत ४५. सेकंदाला २४ चौकटी असतील तर एका अंशाला चार चौकटी येतात, चित्रकाराचंही काम सोपं होतं.

पंधरा सेकंदांत पंचवीसच्या वर शब्द नकोत. त्याहून जास्त बसवले तर मूल ऐकेल किंवा बघेल, दोन्ही नाही.

दृश्य १ (०:०० ते ०:१२)
चित्र: गच्ची, संध्याकाळ, मीनू. सूर्य क्षितिजाखाली जातो.
आवाज: संध्याकाळ झाली. सूर्य दिसेनासा झाला. [२ सेकंद शांतता] मग तो गेला कुठे?

दृश्य २ (०:१२ ते ०:२५)
चित्र: अंधारी खोली, डावीकडे टेबलावर दिवा.
आवाज: चल, घरातच बघू. खोलीत अंधार केलाय. दिवा फक्त एकच. हा दिवा म्हणजे आपला सूर्य. तो जागचा हलणार नाही.

दृश्य ३ (०:२५ ते ०:३८)
चित्र: मीनू दिव्यासमोर. नाकावर टिकली लावते.
आवाज: मीनूचं डोकं म्हणजे आपली पृथ्वी. आणि नाकावर टिकली लावलीय ना, तिथे आपलं गाव. टिकली दिव्यासमोर आहे. गावात आहे भर दुपार!

दृश्य ४ (०:३८ ते ०:५३)
चित्र: गिरकी सुरू. कोपऱ्यात वरून दिसणारं गोल चित्र. ०:५३ ला चेहरा आपल्यासमोर.
आवाज: आता मीनू जागच्या जागी गिरकी घेतेय. हळूहळू, डावीकडे. टिकली दिव्याकडून वळली… उजेड तिरपा झाला… आणि गेला. गावात संध्याकाळ झाली.

दृश्य ५ (०:५३ ते १:१५)
चित्र: १:०८ ला चेहरा पूर्ण अंधारात, वेणीवर उजेड.
आवाज: अजून वळली. टिकली अंधारात. गावात रात्र. पण दिवा? [दीड सेकंद] दिवा होता तिथेच आहे, तसाच लागलेला! त्याचा उजेड आता मीनूच्या वेणीवर पडलाय. तिकडच्या गावांत दिवस आहे.

दृश्य ६ (१:१५ ते १:३८)
चित्र: वरून दिसणारं चित्र मोठं. १:१६ ला डावा गाल उजळतो, १:२३ ला टिकली.
आवाज: मीनू वळतेच आहे. डाव्या गालावर उजेड आला… [थांबा] आणि टिकलीवरही! गावात उजाडलं. मग सकाळ… आणि पुन्हा दुपार. एक गिरकी, एक दिवस आणि एक रात्र.

दृश्य ७ (१:३८ ते २:०२)
चित्र: पृथ्वीचा गोल, सूर्य डावीकडेच. २४ सेकंदांत एक गिरकी, म्हणजे सेकंदाला एक तास.
आवाज: आपली पृथ्वी अशीच स्वतःभोवती गिरकी घेते. एका दुपारपासून पुढच्या दुपारपर्यंत चोवीस तास. सूर्य मात्र पृथ्वीपेक्षा खूप मोठा, आणि खूप लांब. घरं, झाडं, समुद्र, सगळंच पृथ्वीबरोबर एकसारखं वळतं. म्हणून गिरकी कळत नाही. वाटतं, सूर्यच चाललाय.

दृश्य ८ (२:०२ ते २:१५)
चित्र: पुन्हा गच्ची, मीनू अंधारात.
आवाज: तर मग संध्याकाळी सूर्य गेला कुठे? [२ सेकंद] कुठेच नाही. आपण वळलो.

दृश्य ७ मधलं ‘एका दुपारपासून पुढच्या दुपारपर्यंत’ मुद्दाम आहे. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची गिरकी २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण होते. पण तेवढ्यात ती सूर्याभोवतीच्या वाटेवर थोडी पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला आणखी चारेक मिनिटं वळावं लागतं. मुलांना हे सांगायचं नाही, पण वाक्य असं ठेवलं की ते चुकत नाही.

दृश्य ८ मध्ये ‘पृथ्वी वळली’ असं लिहू नका. ‘आपण वळलो’ म्हटलं की मूल स्वतःला पृथ्वीवर ठेवतं.

लांबी वाढवायला मोकळीक असेल तर दृश्य ७ नंतर एकच भर घालण्यासारखी आहे: नागपूरला सूर्य मुंबईच्या आधी उगवतो. पृथ्वी एक अंश वळायला चार मिनिटं घेते आणि या दोन शहरांत रेखांशाचा फरक सव्वासहा अंशांच्या आसपास आहे, म्हणजे साधारण पंचवीस मिनिटं. अक्षांशातल्या फरकामुळे हा आकडा वर्षभरात वीस ते तीस मिनिटांच्या दरम्यान सरकतो, म्हणून निवेदनात ‘साधारण’ हा शब्द ठेवा. मुलाला नागपूरच्या आत्याला सकाळी फोन करून हे तपासता येतं.

इशारा: ‘आपल्याकडे दिवस तेव्हा अमेरिकेत रात्र’ हे वाक्य सोपं वाटतं, पण एकटं टाकलं तर मूल ते नियम म्हणून पाठ करतं. उन्हाळ्यात भारतात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा अजून उजेड असतो आणि न्यूयॉर्कलाही सकाळ झालेली असते. वाक्य वापरायचंच असेल तर ‘आपल्याकडे भर दुपार तेव्हा’ असं बांधा.

## ६. आधी कच्चा आवाज

संहिता झाली की मोबाइलवर कोणाच्याही आवाजात एकदा पूर्ण मुद्रित करा आणि आराखड्याच्या स्थिर चित्रांवर लावून पाहा. पक्कं ध्वनिमुद्रण त्यानंतर. हा टप्पा वगळला की तयार चित्रावर शब्द कोंबावे लागतात आणि पहिला बळी शांततेचा जातो. या पटात दृश्य १, ५ आणि ८ मधल्या शांतता म्हणजे मुलाला उत्तर शोधायला दिलेला वेळ आहे. तिथे संगीतकारालाही हात आवरायला सांगा.

तपासणी: ‘संध्याकाळ झाली’ हे शब्द टिकलीवरचा उजेड गेल्यानंतर ऐकू येतात की आधी? अर्ध्या सेकंदाने नंतर आले तर चालतं. आधी आले तर मूल चित्राऐवजी निवेदकावर विश्वास ठेवतं, आणि मग चित्र नुसती सजावट उरते.

## ७. ध्वनिमुद्रण

स्टुडिओ नसेल तर घरातली सर्वांत भरलेली खोली घ्या: कपड्यांचं कपाट, गादी, जाड पडदे. मोकळ्या भिंतीची खोली आवाज घुमवते आणि तो घुमारा नंतर निघत नाही. पंखा बंद, फ्रीज शेजारच्या खोलीत असेल तर तोही तेवढ्यापुरता बंद, मोबाइल विमान मोडवर. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा. निम्मी मुद्रणं त्यानेच फुकट जातात.

माइक तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा बाजूला ठेवा, तोंडाच्या सरळ रेषेत नको. या संहितेत पृथ्वी, पण, पुन्हा, पडलाय, फक्त, भर असे शब्द ठासून भरले आहेत. प, फ, भ उच्चारताना सुटणारी हवा सरळ माइकवर आदळली की ‘भप्प’ असा आवाज येतो. तोंडासमोर तळहात धरून ‘पृथ्वी’ म्हणा आणि हात बाजूला सरकवत न्या. हवा लागायची थांबते ती माइकची जागा.

मुद्रण `WAV`, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतकी पातळी ठेवा. ‘उजाडलं’ आणि ‘टिकलीवरही’ या दोन ठिकाणी आवाज चढतो, म्हणून पातळी पहिल्या ओळीवर न लावता दृश्य ६ वाचून लावा. काहीही न बोलता खोलीची तीस सेकंदांची शांतताही मुद्रित करा. ती वाक्यांमधल्या जागा भरायला लागते. तिथे पूर्ण निःशब्द तुकडा टाकला तर आवाज तुटल्यासारखा वाटतो.

वाचताना लहान मुलांचा आवाज काढू नका. सात वर्षांच्या मुलाला ते पटकन कळतं आणि आवडत नाही. घरातल्या मुलाशी जेवताना बोलतो तो सूर हवा. प्रश्न खरा विचारल्यासारखा यावा, ‘गेला कुठे?’मध्ये उत्तर माहीत असल्याचं हसू आलं की ती ओळ पुन्हा घ्या. दृश्य ४ मध्ये ‘तिरपा झाला…’ नंतर चित्राची वाट बघा, म्हणून मुद्रणावेळी आराखडा समोर पडद्यावर चालू ठेवा.

प्रत्येक दृश्याची तीन वाचनं घ्या आणि फाइलला दृश्य व वाचन क्रमांक द्या, उदाहरणार्थ `s04_t2.wav`.

## ८. सफाई आणि पातळी

श्वास सगळे कापू नका. फक्त शांततेच्या जागांतले मोठे श्वास खाली आणा. मागचा गोंगाट कमी करणारी साधनं हलक्या हाताने वापरा, नाहीतर ‘स’ आणि ‘श’ पाण्यातून आल्यासारखे होतात.

शेवटची पातळी मिसळणी करणारा लावणार असेल तर त्याच्यावर सोडा. एकट्याने काम असेल तर `ffmpeg` या प्रोग्रॅमला दिलेला हा आदेश पुरतो:

```
ffmpeg -i voice.wav -af loudnorm=I=-16:TP=-1.5:LRA=11 -ar 48000 voice_final.wav
```

`-ar 48000` विसरू नका. `loudnorm` आतल्या आत सॅम्पलरेट वाढवतो, आणि तो परत न आणल्यास फाइल विनाकारण मोठी होते.

तपासणी: तयार फाइल मोबाइलच्या स्पीकरवर, पंखा चालू असलेल्या खोलीत ऐका. बहुतेक मुलं अशीच ऐकणार आहेत. शब्द हरवत असतील तर आधी संगीत खाली घ्या, मग निवेदनाकडे वळा.

## ९. मुलांसमोर चाचणी

पहिल्या टप्प्यातल्या मुलांना विचारलेले प्रश्न पुन्हा विचारू नका, त्यांना उत्तर काय हवंय ते कळलेलं असतं. त्याच वयाची नवी मुलं घ्या. पट एकदाच दाखवा. मग हातात चेंडू द्या, टेबलावर दिवा लावा आणि सांगा, ‘या चेंडूवर आपल्या गावात रात्र करून दाखव.’ तोंडी उत्तरात पाठ केलेलं निघतं, चेंडू फिरवताना समजलेलं दिसतं.

मूल चेंडू दिव्याभोवती फिरवत नेत असेल, तर ‘जागच्या जागी’ हे शब्द ऐकू आलेले नाहीत. दृश्य ४ मधलं ते वाक्य सावकाश घ्या आणि चित्रात मीनूच्या पायाखाली एक छोटा गोल काढा. मूल दिवाच हलवत किंवा झाकत असेल, तर दृश्य ५ मधली शांतता कमी पडली. दीडची अडीच सेकंद करा. चेंडू बरोबर फिरवून ‘आता सगळीकडे रात्र’ म्हणत असेल, तर वेणीवरच्या उजेडाचं वाक्य चित्राच्या आधी किंवा नंतर पडतंय. जागच्या जागी बरोबर वळवत असेल, पण उलट्या दिशेने, तर या वयात सोडून द्या.

दुरुस्तीच्या ओळी पुन्हा मुद्रित करताना तीच खोली, माइकचं तेच अंतर आणि दिवसाची तीच वेळ घ्या. सकाळी घसा जड असतो. संध्याकाळच्या मुद्रणात सकाळची ओळ जोडली की सांधा ऐकू येतो. सुटी ओळ वाचू नका, तिच्या आधीची आणि नंतरची ओळही वाचा आणि मधली उचला.